विळ्याचा खोल काप आणि न थांबणारं रक्त : पलूस तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदललेत, वैद्यकीय बाबी तशाच ठेवल्यात. रक्त थांबतंय का आणि टाके लागतील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जखम झालेल्या घरात मात्र ते हटकून एकच समजले जातात. इथंही तसंच झालं, म्हणून हे लिहितोय.

पार्श्वभूमी

रुग्ण साठीच्या उंबरठ्यावरचे शेतकरी. घरी ऊस, थोडी हळद आणि दोन म्हशी. त्यांना इथं आबा म्हणू. आठ महिन्यांपूर्वी मिरजेत त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या रोज चालू होत्या.

सकाळी साडेसातच्या सुमाराला ते बांधावर म्हशींसाठी वैरण कापत होते. डाव्या मुठीत गवताची पेंढी, उजव्या हातात विळा. विळा निसटला आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या मागच्या बाजूला, मुठीच्या उंचवट्याच्या जरासा पुढं लागला. वैरण कापताना हाताला होणारी जखम बऱ्याचदा इथंच होते, कारण मूठ आवळलेली असते आणि विळ्याच्या वाटेत बोटांची पाठ येते. मूठ आवळलेली होती ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

घरी काय झालं

आबांनी बोट विहिरीच्या पाइपखाली धरलं, खिशातला रुमाल गुंडाळला आणि घरी आले. सूनबाईंनी रुमाल सोडून जखमेत मूठभर हळद दाबली आणि वरून टॉवेल बांधला. शेजारच्या काकांनी मनगटाला सुतळी करकचून आवळली. पाच-पाच मिनिटांनी टॉवेल सोडून बघणं चालू होतं. प्रत्येक वेळी खालून लाल-पिवळा चिखल आणि त्यातून हळूहळू वर येणारं रक्त. दोन तास असे गेले. नंतर थोडा वेळ टॉवेल कोरडा राहिला, तेव्हा "आता टाकं कशाला लागत्यात" असं ठरलं. आबा म्हशीची धार काढायला बसले आणि रक्त पुन्हा सुरू झालं. साडेदहाला ते माझ्या दवाखान्यात आले, म्हणजे जखम झाल्याला तीन तास झाले होते.

"डॉक्टर, रक्त थांबंना झालंय. पिचकारी न्हाई, पण थांबत बी न्हाई," सूनबाई म्हणाल्या.

हे वर्णन फार उपयोगाचं होतं. धमनी कापली तर रक्त लालभडक असतं आणि नाडीच्या ठोक्यागणिक उसळून येतं. इथं ते पाझरत होतं, म्हणजे त्वचेच्या कडेच्या बारीक वाहिन्या आणि एखादी छोटी शीर. असं रक्त थांबायला हवं. ते का थांबत नव्हतं, याला तीन कारणं होती आणि त्यातली दोन घरीच तयार झाली होती.

पहिलं कारण सुतळी. हातात रक्त आणणाऱ्या धमन्या खोल असतात आणि त्यांतला दाब जास्त असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा वरवर असतात, त्यांतला दाब कमी. सुतळी, नाडी किंवा रुमाल आवळला की शिरा बंद होतात, धमन्या चालूच राहतात. हातात रक्त येत राहतं, परत जायला वाट नसते, मग ते जखमेतून बाहेर पडतं. आबांचा पंजा जांभळट आणि टम्म झाला होता. कात्रीनं सुतळी कापली आणि दोन-तीन मिनिटांत पाझर निम्म्यावर आला.

दुसरं कारण सारखं उघडून बघणं. रक्त गोठून तयार होणारी गाठ सुरुवातीला अगदी मऊ असते. कापड उचललं की ती कापडाबरोबर निघते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. टॉवेलचाही त्रास होताच. जाड टॉवेलमुळे दाब सगळीकडे पसरतो, नेमक्या जागी पडत नाही, शिवाय तो अर्धा पेला रक्त सहज पिऊन टाकतो आणि किती गेलं ते कळतच नाही.

तिसरं कारण गोळ्या. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या धमनीत बसवलेली जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, उघडा राहावा म्हणून नेमकं हेच हवं असतं, पण कापलेल्या बोटात त्यामुळे गाठ धरायला वेळ लागतो. आबांनी गोळ्यांचं आपणहून सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाले, "त्या हृदयाच्या हायत, बोटाचा काय संबंध?" रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर दवाखान्यात पाऊल टाकताच ते सांगावं. मग दाबून धरायचा वेळ वाढवावा लागतो आणि वेदनेचं औषधही बदलावं लागतं.

पहिला निर्णय : आधी काय करायचं

जखम उघडून बघण्याआधी दोन कामं केली. आबांच्या डाव्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी होती, ती साबण लावून काढली. हाताला मार लागला की सूज येते आणि तासा-दोन तासांत अंगठी बोटात रुतते, मग ती कापावीच लागते. त्यानंतर त्यांना खाटेवर आडवं केलं, हात उशीवर छातीपेक्षा वर ठेवला, स्वच्छ गॉजची घट्ट, छोटी घडी करून जखमेवर ठेवली आणि सूनबाईंना अंगठ्यानं दाबायला सांगितलं. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं. पंधरा मिनिटं एकदाही उचलून बघायचं नाही. साध्या माणसाला दहा मिनिटं बहुधा पुरतात, गोळ्यांमुळे इथं पाच वाढवली. गॉज भिजलं तरी ते काढायचं नाही, त्यावर दुसरं ठेवून दाबत राहायचं.

पंधरा मिनिटांनी पाझर जवळजवळ थांबला होता. सकाळी आठ वाजता घरी हेच केलं असतं तर तेव्हाही थांबला असता. आबा लगेच उठून बसले, "थांबलं की, चला." खरा निर्णय इथून पुढं होता.

दुसरा निर्णय : टाके लागतात का

रक्त थांबलं म्हणून टाके नकोत, असं नसतं. उलटंही खरं आहे. डोक्याच्या त्वचेवरची छोटी जखम भळभळा वाहते आणि तिला कधी एकही टाका लागत नाही. टाक्याचा निर्णय जखमेची खोली, तिच्या कडांमधली फट, जागा आणि त्याखालच्या गोष्टी शाबूत आहेत का, यावर होतो.

फट बघायला हात आरामात ठेवायचा आणि जखमेच्या कडा आपोआप एकमेकींना भेटतात का ते पाहायचं. विळीवर भाजी चिरताना बोटाच्या टोकाला होणारा काप बहुतेकदा मिटतो, धुऊन नीट पट्टी बांधली की भरतो. दोन सेंटिमीटरच्या आतला, कडा मिटणारा आणि खाली काही न कापलेला हाताचा काप टाक्यांशिवायही चांगला भरून येतो. आबांचा काप तीन सेंटिमीटरच्या आसपास होता आणि हात स्थिर असतानाही अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त उघडा होता. बोट वाकवलं की आणखी फाकायचा. सांध्याजवळची जखम प्रत्येक हालचालीला उघडते, म्हणून ती नुसत्या पट्टीवर टिकत नाही.

खोली कळायला आत काय दिसतं ते बघावं लागतं. मांडी, पोटरी किंवा दंडावर पिवळी, दाणेदार चरबी दिसली तर काप त्वचेच्या पार गेलाय असं समजायचं. हाताच्या पाठीवर चरबी जवळजवळ नसतेच. तिथं खोल काप म्हणजे पांढरी, चकचकीत पट्टी दिसणं, आणि ती पट्टी म्हणजे बोट सरळ करणारा टेंडन. पण आबांच्या जखमेत सगळं पिवळंच होतं. हळदीवर माझा राग नाही, हळद पिकवणाऱ्या भागातच मी दवाखाना चालवतो. पण उघड्या, खोल जखमेत हळद, चहापूड, चुना, तंबाखू किंवा दगडीपाल्याचा चोथा गेला की तो आत अडकलेला कचराच असतो. तो निर्जंतुक नसतो, जंतूंना बसायला जागा देतो आणि आतलं चित्र झाकून टाकतो.

म्हणून आधी, धुण्याच्याही अगोदर, बोटाचं काम तपासलं. बधिर करण्याआधी संवेदना तपासायचीच असते, नंतर तपासून काही कळत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाची वात बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी टेकवली. दोन्हीकडे नीट कळत होतं. नख दाबून सोडलं, दोन सेकंदांच्या आत गुलाबी झालं, म्हणजे रक्तपुरवठा ठीक होता. मग बोट सरळ करायला सांगितलं. केलं. पण मी बोटाच्या पाठीवर हलका दाब देऊन तसंच करायला सांगितलं, तेव्हा दुखलं आणि उजव्या तर्जनीपेक्षा जोर किंचित कमी वाटला.

ही खूण घरी कुणालाही बघता येते. बोट नुसतं हलतंय यावर समाधान मानू नये. तर्जनी सरळ करायला दोन टेंडन असतात. एक पूर्ण तुटला तरी दुसरा बोट सरळ करून दाखवतो. विरोधात जोर लावून बघितलं आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून पाहिलं, तरच कमी-जास्त लक्षात येतं. जोर कमी असेल किंवा टोकाला मुंग्या, बधिरपणा असेल तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

धुणं

बोटाच्या मुळाशी लिग्नोकेन देऊन बोट बधिर केलं. मग धुतलं. माझ्या मते सगळ्या उपचारातला हा सर्वांत मोठा भाग, टाक्यांपेक्षाही मोठा.

अर्ध्या लिटरची सलाइनची बाटली, वीस मिलीची सिरिंज आणि तिच्या तोंडाला जाड सुई. सुई टोचायची नसते, तिच्यातून जोराची धार मिळते. नुसतं वरून पाणी ओतलं तर कचरा जागचा हलत नाही, अशा धारेनं तो निघतो. जखमेच्या दर सेंटिमीटरला पन्नास ते शंभर मिली पाणी असा ढोबळ हिशोब असतो. आबांना तीनशे मिली पुरायला हवं होतं, पण हळदीमुळे अख्खी बाटली लागली. पहिल्या तीन-चार सिरिंजांना खाली ट्रेमध्ये पिवळा गाळ आला, नंतर गवताचं एक कुसळ वर आलं, ते चिमट्यानं काढलं. मांसाला पिवळा डाग राहिला होता. तो खरवडत बसलो नाही. डाग अपाय करत नाही, खरवडण्यानं चांगलं मांस मरतं.

घरी हे करायचं तर सलाइन नसलं तरी चालतं. पिण्याजोगं नळाचं किंवा उकळून गार केलेलं पाणी जखम धुवायला सलाइनइतकंच चांगलं. पाच-दहा मिनिटं वाहत्या धारेखाली धरावं आणि भोवतालची त्वचा साबणानं धुवावी. विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी पहिला चिखल काढायला ठीक, शेवटचं धुणं मात्र पिण्याच्या पाण्यानं. जखमेच्या आत डेटॉल, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये. जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशीही मरतात, आणि पेरॉक्साइडचा फेस बघून वाटतं तेवढा कचरा निघत नाही. रक्त भळाभळा येत असेल तर आधी दाब, धुणं नंतर.

धुतल्यावर पुन्हा पाझर सुरू झाला. घरच्यांना धक्का बसला, पण हे अपेक्षित होतं. धुताना कच्ची गाठ निघून जाते. परत पाच मिनिटं दाबलं.

आता आत बघितलं. बोट सरळ असताना टेंडन अखंड, पांढरा दिसत होता. मग आबांना मूठ आवळायला सांगितली, विळा लागला तेव्हा होती तशी. टेंडन जखमेखालून पुढं सरकला आणि त्यावर एक तिरकी खाच दिसली. मूठ उघडली की ती खाच त्वचेखाली मागं सरकून लपत होती. हाताच्या जखमा ज्या स्थितीत झाल्या त्याच स्थितीत तपासाव्यात, ते यासाठी. खाच टेंडनच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढी होती. सांध्याचं आवरण उघडलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

घट्ट पट्टी बांधून घरी पाठवणं हा आबांच्या पसंतीचा पर्याय होता. फट आणि खाली उघडा टेंडन बघता तो सोडून दिला. चिकटपट्ट्या किंवा त्वचेचा गोंद सांध्याजवळच्या, हलणाऱ्या आणि थोड्याफार ओल्या राहणाऱ्या जागेवर धरत नाही.

जखम धुऊन उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी शिवायची, हा पर्याय मी गांभीर्यानं तोलला. जखम फार घाण असेल, चावा असेल किंवा फार उशीर झाला असेल तर तेच बरोबर, कारण घाण आत ठेवून दार लावलं की पू होतो. आबांना तीन तास झाले होते आणि धुतल्यावर जखम स्वच्छ दिसत होती. सहा-आठ तासांच्या आत शिवावं असा जुना नियम आहे. नीट धुतलेल्या जखमेला त्यापेक्षा जास्त वेळही चालतो, चेहऱ्याला तर चोवीस तासांपर्यंत. पण वेळ जाईल तसा धोका वाढतो, हे खरं.

चौथा पर्याय लगेच मिरजेला पाठवायचा. टेंडन निम्म्याहून जास्त कापला असता, बोट जोर लावूनही सरळ होत नसतं किंवा सांधा उघडा असता तर एक टाकाही न घालता ओल्या गॉजची पट्टी बांधून पाठवलं असतं. इथं मिरजेतल्या हाताच्या सर्जनना फोन केला, फोटो पाठवले. पाव रुंदीची खाच शिवायची गरज नाही, त्वचा शिवा, आधारपट्टी द्या, तीन दिवसांनी मला दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

काय केलं

नायलॉनचे पाच टाके, जरा अंतर ठेवून, म्हणजे आतलं पाणी बाहेर यायला वाट राहील. कडा जुळल्या तसा उरलेला पाझर थांबला. त्वचेच्या कडेचं रक्त टाक्याच्या दाबानंच थांबतं. आत चिमटा घालून रक्तवाहिनी आंधळेपणानं पकडायला जाऊ नये, बोटात वाहिनीशेजारूनच संवेदनेची नस जाते. मनगट किंचित मागं आणि बोट सरळ राहील अशी आधारपट्टी बांधली. अर्धा तास बसवून ठेवलं, पट्टीवर डाग वाढत नाही हे बघितलं.

धनुर्वाताच्या इंजेक्शनवरून थोडी चर्चा झाली. सूनबाईंना ते हवंच होतं. आमच्या नोंदवहीत आबांची आधीची तीन इंजेक्शनं सापडली, शेवटचं दोन वर्षांपूर्वीचं, पायात खिळा गेला होता तेव्हाचं. तीन किंवा जास्त डोस झालेत आणि शेवटच्याला पाच वर्षं झालेली नाहीत, तर मातीच्या जखमेलाही नव्या डोसची गरज नसते. दर सहा महिन्यांनी घ्यायलाच हवं ही समजूत चुकीची आहे. आधीचे डोस झालेत की नाही याची खात्रीच नसती, तर मात्र धनुर्वाताच्या टीडी लशीच्या डोसबरोबर दुसऱ्या दंडात धनुर्वाताचं तयार प्रतिविष, २५० युनिट, द्यावं लागलं असतं.

साध्या, स्वच्छ कापाला अँटिबायोटिक लागत नाही. इथं टेंडन उघडा पडला होता आणि वैरणीची, हळदीची घाण आत गेली होती, म्हणून पाच दिवसांचं दिलं. दुखण्यावर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिलं तर ते हृदयाच्या त्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवतं.

मग आबांनी विचारलं, "मग त्या हृदयाच्या गोळ्या चार दिवस बंद करू का?" नाही. स्टेंटला वर्षही झालेलं नाही, गोळ्या आपल्या मनानं थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. शिवाय या गोळ्यांचा परिणाम आठवडाभर रक्तात राहतो, म्हणजे आज बंद करून आजचा पाझर थांबणार नाहीच.

निकाल

दुसऱ्या दिवशी पट्टीवर रुपयाएवढा डाग होता, वाढत नव्हता. तिसऱ्या दिवशी मिरजेत सर्जननी बघितलं आणि आधारपट्टी तीन आठवडे ठेवायला सांगितली. कडांना थोडी लाली होती, पण पसरणारी नव्हती. वाढतं दुखणं, पू, ताप किंवा मनगटाकडे चढणारी लाल रेघ, यातलं काहीही दिसलं तर रात्री-अपरात्री या, असं सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. जागा सांध्याजवळची असल्यानं टाके बाराव्या दिवशी काढले, एरवी हाताचे सात ते दहा दिवसांत निघतात. दोन महिन्यांनी मूठ पूर्ण मिटत होती. थंडीत सकाळी बोट जरा आखडतं, एवढी तक्रार राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

घरातल्यांनी हयगय केली नव्हती, सगळे धडपडत होते. फक्त क्रम बदलला असता तर दोन तास वाचले असते. हात वर, स्वच्छ सुती कापडाची छोटी घडी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं सलग दाब, सुतळी नाही, हळद नाही. थांबल्यावर पिण्याच्या पाण्याची धार, फट बघणं, बोटाचा जोर बघणं. पंधरा मिनिटांच्या सलग दाबानंही पाझर थांबला नसता, तर दाब तसाच ठेवून सरळ दवाखाना गाठायचा.

दवाखान्याच्या बाजूनं विचार करण्याजोगी जागा त्वचा शिवण्याच्या निर्णयाची आहे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं हळद भरलेली जखम पाहून ती चार दिवस उघडीच ठेवली असती, आणि तेही चुकीचं म्हणता आलं नसतं. जखम बारा तासांनी आली असती, किंवा विळा गोठ्यातल्या शेणात पडलेला असता, तर मीही तेच केलं असतं. धुऊन आत ओलं गॉज सैल भरायचं, वर पट्टी, रोज बघायचं आणि पाचव्या दिवशी जखम स्वच्छ, गुलाबी असेल तर शिवायची. अशा वेळी घरच्यांना वाटतं की डॉक्टरांनी काम अर्धवट सोडलं, म्हणून शिवणं का लांबवलं हे पहिल्याच दिवशी त्यांना बसवून सांगावं लागतं.